ऑप्टिकल केबल, अकरा महिन्यांनंतर: दोन केबली बदलल्या, दोष टीव्हीच्या सेटिंगमध्ये निघाला

केबलीची लांबी, टोकांचा आकार, जाडी ही माहिती दुकानाच्या पानावर असतेच, ती इथे पुन्हा देत नाही. मालवणजवळ, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या चिऱ्याच्या घरात ही केबल ऑक्टोबरपासून लागलेली आहे. मधे एक पूर्ण पावसाळा गेला. पहिले आठ महिने तक्रार नव्हती. जूनमध्ये एक दिवस आवाज गेला, मग चित्रपट लागला की खरखर यायला लागली, आणि त्या भानगडीत दोन नव्या केबलींचे मिळून ११०० रुपये गेले. ते जायला नको होते. तुमचे जाऊ नयेत म्हणून हा अनुभव जरा लांबण लावून लिहितोय.

जोडणी अशी: भिंतीवर टांगलेला टीव्ही, त्याला मागे ऑप्टिकल आउट. खाली जुना, उत्तम स्थितीतला दोन चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर, ज्याला फक्त लाल-पांढऱ्या पिना बसतात. मधे ऑप्टिकलचं साध्या आवाजात रूपांतर करणारी काडेपेटीएवढी डबी, जी पाच व्होल्टच्या चार्जरवर चालते. नव्या टीव्हींना लाल-पांढरं आउटपुट राहिलेलं नाही, म्हणून जुना चांगला अ‍ॅम्प्लिफायर टाकून द्यायचा नसेल तर ही डबी घ्यावीच लागते. आपल्याकडे बऱ्याच घरांतली जोडणी अशीच असेल.

आधी जे आवडलं ते सांगतो, कारण ते खरंच अनपेक्षित होतं. आधी हेडफोनच्या भोकातून वायर काढून अ‍ॅम्प्लिफायरला दिली होती आणि स्पीकरमधून सतत ‘हूं’ असा बारीक घुमणारा आवाज यायचा. टीव्ही, डिशची वायर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या अर्थिंगमध्ये फरक असला की असं होतं, आणि गावाकडच्या घरांत अर्थिंग क्वचितच धड असतं. ऑप्टिकल लावली आणि तो आवाज त्याच मिनिटाला बंद झाला. या केबलीत तांबं नाहीच. आत साधारण एक मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा धागा असतो, त्यातून लाल प्रकाश जातो. वीज एका यंत्रातून दुसऱ्यात जायला वाटच उरत नाही. आषाढातल्या विजांच्या दिवसांत डिशच्या वायरीतून आलेला झटका निदान या वाटेने तरी अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोहोचत नाही (मेनमधून येऊ शकतो, त्यामुळे गडगडाट सुरू झाला की प्लग काढावेच). शिवाय खाऱ्या हवेत लाल-पांढऱ्या पिना वर्षभरात हिरव्या पडतात, तशी इथे गंजायला धातूची पिनच नाही.

आता जूनची गोष्ट. एका संध्याकाळी वीज गेली, परत आली, आणि आवाज बंद. दुरुस्तीला आलेल्या माणसाने टीव्हीमागे हातही न घालता सांगितलं, “केबल गेली, नवीन घ्या.” नवीन घेतली. दोन दिवस ठीक, मग पुन्हा आवाज बंद, आणि चित्रपटांना खरखर. त्यावर त्याचा सल्ला, “ही हलकी आहे, भारीतली घ्या.” ती पण घेतली. परिस्थिती तीच.

इथे जे समजलं तेच या सगळ्या लिखाणाचं कारण आहे. आवाज न येणं आणि खरखर येणं हे दोन वेगळे आजार आहेत, आणि खरखर जवळपास कधीच केबलीमुळे येत नाही. ऑप्टिकल केबल खराब झाली, टोक धुरकट झालं किंवा केबल फार वाकली, तर आवाज मधेच तुटतो, टिकटिक होते किंवा पूर्ण बंद होतो. जुन्या रेडिओसारखी सुसू किंवा खरखर आवाजात मिसळायला लागत नाही, कारण केबलीतून जातात ते आकडे. ते पोहोचतात किंवा पोहोचत नाहीत. ज्या खरखरीत संवाद, गाणं काहीच ओळखू येत नाही, ती म्हणजे आकडे व्यवस्थित पोहोचलेत आणि पलीकडच्या यंत्राने त्यांचा अर्थ चुकीचा लावलाय.

हे नीट समजून घेतलं की पैसे वाचतात, म्हणून थोडं सविस्तर. या वाटेवर मुळात दोनच चॅनेलची जागा आहे, डावा आणि उजवा. ४८,००० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनेल: सेकंदाला सुमारे १५ लाख बिट. हेच `PCM`. सहा चॅनेल याच पद्धतीने पाठवायचे तर तिप्पट जागा लागेल, ती इथे नाही. म्हणून ५.१ आवाज आधी दाबून त्याचं गाठोडं बांधतात (डॉल्बी डिजिटल) आणि ते गाठोडं त्या दोन चॅनेलच्याच जागेत ठेवून पाठवतात. सोबत एक खूण जाते, ‘हा आवाज नाही, गाठोडं आहे’. डॉल्बीचा डीकोडर असलेलं यंत्र ती खूण वाचून गाठोडं सोडतं. आमच्या डबीला गाठोडं सोडता येत नाही. अशा काही डब्या खूण पाहून गप्प बसतात, म्हणजे आवाज बंद. काही खूण बघतच नाहीत आणि गाठोड्यातले आकडे थेट स्पीकरवर ओततात, म्हणजे खरखर.

ही खरखर ऐकूनही ओळखता येते. डॉल्बीचं गाठोडं दर ३२ मिलिसेकंदांनी येतं आणि त्या जागेचा काही भागच भरतं, बाकी रिकामी. सेकंदाला ४४८ हजार बिटचं ५.१ धरलं तर ६१४४ बाइटांच्या जागेत १७९२ बाइट भरलेले. म्हणून सलग धबधब्यासारखा आवाज न येता सेकंदाला एकतीस वेळा तुटणारा, लाकडावर यंत्र लावल्यासारखा ‘टर्रर्रर्र’ ऐकू येतो. डीटीएस ही गाठोडं बांधायची दुसरी पद्धत, तिच्या सीडीचं गाठोडं जवळपास पूर्ण जागा व्यापतं, त्यामुळे त्याची खरखर सलग, पावसासारखी असते. संवाद शांत असो की मारामारी चालू असो, या खरखरीची पट्टी बदलत नाही, हीही खूण. आवाज मोठा असताना हे स्पीकरवर सोडू नका, बारीक स्वराचे ट्वीटर यात जळू शकतात. सेटिंग बदलण्याआधी व्हॉल्यूम खाली आणायचाच.

मग दोन दिवस ठीक का चाललं होतं? मालिका आणि बातम्या स्टिरिओ असतात, त्यांना टीव्ही `Auto` वर असला तरी `PCM` च पाठवतो. एचडी वाहिनीवर चित्रपट लागला की डॉल्बी सुरू आणि डबीची पंचाईत. वीज गेल्यावर टीव्हीचं ध्वनीचं सेटिंग मूळ `Auto` वर गेलं होतं, एवढंच झालं होतं. टीव्हीच्या ध्वनी मेनूत `Digital Audio Out` किंवा `Digital Output Audio Format` अशा नावाची ओळ असते, काही संचांत ती तज्ज्ञांसाठीच्या उपमेनूत खोल गेलेली असते. तिथे `PCM` केलं, दहा सेकंद लागले. आधीची, २५० रुपयांची पहिली केबल परत लावली. तीच आजही चालू आहे.

म्हणून केबलीला हात लावण्याआधी क्रम असा ठेवा. सर्वात आधी टीव्हीचं सेटिंग `PCM` करा. आवाज आला तर काम संपलं. नाही आला तर ध्वनी बाहेर पाठवण्याची निवड बघा. वीज गेल्यावर काही टीव्ही ती ऑप्टिकलवरून स्वतःच्या स्पीकरवर नेतात, आणि अ‍ॅम्प्लिफायरही दुसऱ्या इनपुटवर गेलेला असू शकतो. तेही बरोबर असेल तर केबलीचं अ‍ॅम्प्लिफायरकडचं (किंवा डबीकडचं) टोक बाहेर काढा, खोलीतला दिवा मालवा आणि टोक तळहातासमोर धरा. तळहातावर लाल ठिपका दिसला तर टीव्ही आणि केबल दोन्ही जिवंत आहेत, दोष पुढे शोधा. डोळ्याजवळ नेऊन बघायची गरज नाही. ठिपका नसेल तर केबल पूर्ण काढा, एका टोकाला मोबाइलचा टॉर्च लावा, दुसऱ्या टोकाला स्वच्छ पांढरा गोल ठिपका दिसायला हवा. तो दिसला तर केबल ठीक आणि टीव्हीचं भोक किंवा सेटिंग दोषी. मंद, पिवळट किंवा अर्धचंद्रासारखा दिसला तर टोक मळलंय किंवा धागा चेंबलाय. अजिबात दिसला नाही तर केबल खरंच गेली. पन्नास पैशांचाही खर्च नाही आणि तीन मिनिटांत निकाल.

आमच्याकडे जुलैत या परीक्षेत खरा दोष सापडला, दुसराच. आवाज दर दोन-तीन मिनिटांनी अर्धा सेकंद तुटायचा, सकाळी जास्त, टीव्ही तासभर चालला की कमी. टॉर्चचा ठिपका मंद होता. टोकावर दमट हवेचा आणि खारट धुळीचा पुसट थर बसला होता. चष्म्याच्या कोरड्या मऊ फडक्याने टोक पुसलं, आवाज सलग झाला. पुसून भागलं नाही तर फडक्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर मुळीच नको, त्याने हा प्लास्टिकचा धागा विरघळतो. टीव्हीच्या भोकात ओलं काहीही घालू नका, हवेचा हातपंप मारा.

आणि त्या भोकाबद्दल एक गोष्ट कोकणातल्या घरांनी विशेष लक्षात ठेवावी. ऑप्टिकलच्या भोकावर एक इवलं झडपेसारखं दार असतं किंवा काळं बूच असतं. दार तुटलेलं किंवा बूच हरवलेलं असेल, आणि भोक मोकळं असेल, तर कुंभारीण माशी त्यात माती भरते. खिडकीच्या चौकटीत, चावीच्या भोकात भरते तशीच. शेजारच्या घरात टीव्हीचं दुसरं मोकळं भोक असंच मातीने लिंपलेलं निघालं. मुंग्यांनाही त्या जागा आवडतात. बूच टाकून देऊ नका. केबलीच्या दोन्ही टोकांना जे पारदर्शक टोपण येतं ते मात्र लावण्यापूर्वी काढायचंच. ते इतकं पातळ असतं की लक्षात येत नाही, आणि ते राहिलं की केबल नीट बसत नाही, आवाज येत नाही.

भिंतीवर टांगलेल्या टीव्हीची एक अडचण उरते. चिरा आणि टीव्हीच्या मागच्या बाजूत दोन बोटांची फट, त्यात केबलीचं टोक सरळ बाहेर येतं आणि लगेच काटकोनात वळतं. या धाग्याला अडीच सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा लहान वळण सोसत नाही, प्रकाश वळणावर बाहेर सांडतो. सॉकेट खाली तोंड करून असलेला टीव्ही असेल तर प्रश्न नाही. आमच्यासारखं मागे तोंड असेल तर काटकोनातलं जोड-टोक लागतं, ते साठ-सत्तर रुपयांत मिळतं आणि गोल फिरवता येतं. टोक बसवताना चौकोनाचे दोन तिरके कोपरे जुळवा आणि ‘टक्’ ऐकू येईपर्यंत ढकला. आडवंतिडवं घुसवलं की दार मोडतं, मग कुंभारणीची सोय.

ऑगस्टच्या शेवटी माझं मत बदललं, ते नोंदवतो. तोपर्यंत ‘`PCM` करा आणि विसरा’ असंच लिहिणार होतो. दोन स्पीकर किंवा डीकोडर नसलेली डबी असेल तर तो सल्ला आजही पक्का आहे. टीव्ही स्वतः डॉल्बी सोडतो, सहा चॅनेल दोनात मिसळतो, संवाद दोन्ही स्पीकरमध्ये समान वाटले जातात. संवाद हरवत नाहीत. पण गणपतीसाठी मुंबईहून आलेल्यांनी एक जुना ५.१ रिसीव्हर आणला, त्यात डॉल्बीचा डीकोडर आहे. डबी काढली, तीच केबल थेट रिसीव्हरला लावली, टीव्ही `Auto` वर टाकला. रिसीव्हरच्या पट्टीवर `PCM` च्या जागी `DOLBY D` उमटलं. ही पट्टी नेहमी बघावी, काय येतंय ते ती खरं सांगते.

पहिला चित्रपट लावला. गाणी जोरात, पाऊस मागून पडतोय, आणि नायक-नायिका मुके. माजघरातून नाना म्हणाले, “गाणी ऐकाक येतत, पण माणसां बोलतत ता ऐकाक येणा नाय.” इथेही केबलीवरच संशय गेला असता. कारण असं की ५.१ मध्ये संवाद मधल्या, सेंटर स्पीकरमध्ये असतात, आणि सोबत आलेल्या संचात सेंटर स्पीकर नव्हताच. समोर दोन, मागे दोन आणि सबवुफर. रिसीव्हरला मात्र सेंटर आहे असंच वाटत होतं आणि तो संवाद रिकाम्या टर्मिनलला पाठवत होता. त्याच्या स्पीकर सेटिंगमध्ये `Center: None` केलं की तो संवाद समोरच्या दोन स्पीकरमध्ये वाटतो. केलं, आणि नानांना ऐकू आलं. `PCM` वर हा प्रश्न दिसतच नाही, म्हणून सराउंडला गेल्यावरच अचानक ‘बिघाड’ वाटतो.

दुसरी कटकट जाहिरातींची. वाहिनी चित्रपटात ५.१ देते, जाहिरात स्टिरिओ येते. प्रत्येक बदलावर रिसीव्हर क्षणभर गप्प होऊन नवं गाठोडं ओळखतो, आणि पुढच्या वाक्याचा पहिला शब्द खाल्ला जातो. तासाला आठ-दहा वेळा हे ऐकलं की डोकं उठतं. महिनाभर टीव्ही `Auto` आणि `PCM` मध्ये बदलत बसलो, मग उपाय साधा निघाला. सेट टॉप बॉक्सच्या स्वतःच्या ऑडिओ सेटिंगमध्ये `PCM` किंवा `Stereo` करायचं आणि टीव्ही `Auto` वरच ठेवायचा. वाहिन्यांचा आवाज बॉक्समधूनच दोन चॅनेलचा निघतो, त्यामुळे मधे काही बदलत नाही. टीव्हीतल्या अ‍ॅपवर चित्रपट लावला तर टीव्ही त्याचं डॉल्बी डिजिटल करून पाठवतो आणि सहा चॅनेल मिळतात. अ‍ॅपवर येणारं डॉल्बी डिजिटल प्लस या केबलीतून तसंच पुढे जात नाही, म्हणून `Pass Through` निवडू नका, काही संचांवर त्याने पूर्ण शांतता होते. अ‍ॅटमॉस वगैरे या वाटेने मिळणार नाही, त्यासाठी एचडीएमआय लागते.

तुमच्याकडे बॉक्सवरून एचडीएमआयने टीव्हीत आलेला चित्रपट ऑप्टिकलवर ५.१ येत नसेल, पट्टीवर `PCM` च दिसत असेल, तर ते बहुधा टीव्हीचं बंधन आहे. जुने टीव्ही बॉक्सला ‘मला दोनच चॅनेल झेपतात’ असं सांगतात, मग बॉक्स दोनच पाठवतो. बॉक्सला स्वतःचं ऑप्टिकल आउट असेल तर ते थेट रिसीव्हरला लावणं हाच रस्ता. पेन ड्राइव्हवरच्या चित्रपटाला चित्र आहे पण आवाज नाही, असं असेल तर त्याचा ट्रॅक बहुतेक डीटीएस आहे आणि तुमच्या टीव्हीला तो सोडता येत नाही. तिथेही केबल निर्दोष.

घरातल्या मोठ्यांना एक आधीच सांगून ठेवा: सराउंडवर टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होत नाही, रिसीव्हरचाच रिमोट लागतो. आमच्याकडे दुसऱ्या रिमोटला पांढरी चिकटपट्टी लावून ‘आवाज’ असं लिहून ठेवलंय.

केबलीबद्दल शेवटचं मत: तीन मीटरपर्यंत २५० रुपयांची पुरते. ८५० रुपयांवाली वेणीदार आहे, टोकं धातूची आहेत, आवाज तोच. पाच मीटरच्या पुढे जायचं असेल तरच चांगली घ्या. जी दोन जादा झाली त्यातली एक परत केली, एक पोटमाळ्यावर टोपणं लावून ठेवली आहे.

ओठ आणि शब्द जुळण्याचा प्रश्न अजून थोडा आहे. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करायला वेळ घेतो, आवाज ऑप्टिकलने आधीच पोहोचतो. रिसीव्हरमध्ये `Audio Delay` असेल तर बातम्यांचा निवेदक समोर ठेवून दहा-दहा मिलिसेकंदांनी वाढवत न्या. आमच्या संचावर ८० ला जुळलं. टीव्हीचा `Game` मोड चालू केला तर प्रक्रिया कमी होते, तेव्हा ते पुन्हा ३० वर आणावं लागतं.